दुपट्याचा पक्का रंग

हळदीचा डाग ज्या घरात कधी पडला नाही असे घर आपल्याकडे सापडणे कठीण. वरणाचा थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडतो, आपण घाईघाईने साबण चोळतो आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. मग कितीही घासा, तो हटत नाही. तोच सदरा वैशाखातल्या उन्हात दोन दिवस वाळत घातला की मात्र डाग कुठे होता हेही सांगता येत नाही. साबणाने न जाणारा आणि उन्हाने जाणारा हा रंग मी साठ वर्षे पाहिला. पण त्याचा अर्थ गेल्या वर्षी लेकीच्या बाळासाठी दुपटे रंगवायला बसले तेव्हा उमगला.

दुपटे घरीच रंगवण्याचा हट्ट उगाच धरलेला नव्हता. काही वर्षांपूर्वी आमच्या भाच्याला बारशाला गडद लाल रंगाचे एक दुपटे आहेर म्हणून आले होते. पहिल्याच धुण्यात बादलीभर पाणी लाल झाले. तरीही ते वापरात राहिले, आणि पावसाळी दमट हवेत बाळाच्या मानेच्या घडीत व काखेत गुलाबी छटा उमटू लागली. त्यामागून पुरळ आले. बालरोगतज्ज्ञांनी ते दुपटे बाजूला ठेवायला सांगितले. पुरळ त्या रंगानेच आले असे त्यांनी ठामपणे म्हटले नाही. ‘‘घामाने आणि घासण्यानेही येते,’’ ते म्हणाले, ‘‘पण जो रंग पाण्यात उतरतो तो घामातही उतरतो, एवढे लक्षात ठेवा.’’ ते वाक्य माझ्या मनात राहिले. लेकीच्या बाळंतपणाची तारीख जानेवारीची निघाली, तेव्हा मी ठरवले की या बाळाचे दुपटे मी रंगवीन आणि त्याचा रंग पाण्यात उतरणार नाही.

ठरवणे सोपे होते. मे महिन्यात मी पहिला प्रयोग केला तो अर्थातच हळदीचा. मांजरपाटाचा तुकडा, ओंजळभर हळद आणि गरम पाणी. कोणी तरी सांगितले होते की तुरटी घातली की रंग पक्का होतो, म्हणून तुरटीही घातली. रंग असा सुंदर चढला की मी तो तुकडा शेजारणीला दाखवून आले. साबणाने धुतला, तेव्हा तो ठिकठिकाणी लालसर झाला. स्वच्छ पाण्यात खळबळून काढला, तर पुन्हा पिवळा. मग लोणावळ्याच्या त्या मोकळ्या उन्हात आठवडाभर दोरीवर राहिला आणि मळकट पांढरा होऊन परत आला.

कारण समजून घेतले तर नवल वाटत नाही. हळदीतले पिवळे द्रव्य साबणासारख्या क्षारयुक्त पदार्थाने लाल होते आणि सूर्यप्रकाशात त्याचे विघटन होते. सुती धाग्याला ते सहज चिकटते. चिकटण्यासाठी त्याला कोणाची मदत लागत नाही. पण ज्याचा स्वभावच उन्हात मोडण्याचा आहे, त्याला तुरटीने धरून ठेवले तरी तुरटी काय करणार? पहिला धडा असा की रंग कापडाला धरून राहणे ही एक गोष्ट आणि रंग स्वतः टिकाऊ असणे ही दुसरी. दोन्ही असतील तरच तो पक्का.

हे भान आपल्या पूर्वजांना पुरेपूर होते. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाने ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथात प्रेमाचे तीन प्रकार सांगताना रंगाऱ्याच्या घरातलीच उदाहरणे घेतली आहेत. झळकत नाही, पण मनातून जातही नाही ते नीलीराग. शोभते, पण ओसरते ते कुसुंभराग, म्हणजे करडईच्या फुलांचा रंग. आणि शोभतेही व जातही नाही ते मंजिष्ठाराग. ‘राग’ या शब्दाचा मूळ अर्थच रंग. काव्यशास्त्र लिहिणाऱ्या पंडिताला कुठला रंग धुण्यात जातो आणि कुठला राहतो हे ठाऊक होते, आणि त्याच्या वाचकांनाही ते ठाऊक असणार हे त्याने गृहीत धरले होते. मोहेंजोदडो येथे चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, त्यावरचा लाल रंगही मंजिष्ठेच्याच कुळातला असल्याचे तपासणीत आढळले. माझे उत्तर तिथेच होते. मी काष्ठौषधींच्या दुकानातून मंजिष्ठा आणली.

मंजिष्ठा म्हणजे एका वेलीची मुळे. वाळलेली मुळे लालसर तपकिरी, पेन्सिलीहून बारीक. मोडली की आत तांबूस दिसतात. पण ती नुसती उकळून त्यात कापड बुडवले तर काय होते, तेही सांगते. पाणी गर्द लाल होते, कापडही पाण्यात असेपर्यंत लाल दिसते, आणि धुतल्यावर हाती उरते ती फिकट, मळक्या गुलाबी रंगाची एक छटा. येथे हळदीच्या उलट गोष्ट आहे. मंजिष्ठेचा रंग स्वभावाने टिकाऊ आहे, पण सुती धाग्याला धरण्याचे त्याला जमत नाही. त्याला मध्यस्थ लागतो. या मध्यस्थालाच रंगबंधक म्हणतात, आणि घरात वापरण्याजोगा सर्वांत साधा रंगबंधक म्हणजे तुरटी.

तुरटीतली अडचण अशी की लोकर आणि रेशीम तिला आपणहून धरतात, कापूस मात्र धरत नाही. कापसाच्या धाग्यावरून तुरटी पाण्याबरोबर बरीचशी निघून जाते. म्हणून कापसासाठी आणखी एक दुवा लागतो, आणि तो दुवा आमच्या मावळातच झाडाला लागतो. तो म्हणजे हिरडा. हिरड्यातले तुरट द्रव्य कापसाला चिकटते, त्या द्रव्याला तुरटी चिकटते आणि तुरटीला मंजिष्ठेचा रंग. अशी ही साखळी आहे. यातली एक कडी गळली की पुढचे सगळे पाण्यात जाते.

हिरडा आपल्याला त्रिफळ्यातला म्हणून परिचित. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या रानांत ही झाडे आहेत. ब्रिटिश अमदानीत येथला हिरडा मुंबई बंदरातून विलायतेला जाई, तो औषधापेक्षा कातडी कमावण्यासाठी आणि रंगकामासाठी. मला हिरडा आणून दिला तो राजमाचीच्या बाजूने बाजाराला येणाऱ्या एका मावशींनी. औषधात बाळहिरडाही वापरतात. रंगासाठी मात्र पूर्ण वाढलेले, वाळलेले फळ हवे, आणि त्यातली आठळी काढून फक्त वरचा गर. आठळीत उपयोगाचे फारसे काही नसते, उलट वजन फसवते. गराचा कण जिभेवर ठेवला आणि तोंड आकसले, की माल चांगला.

आता माझी फजिती सांगते, कारण या सगळ्या प्रकरणातले मला सर्वांत जास्त शिकवून गेलेले ते प्रकरण आहे. उत्साहाच्या भरात मी हिरड्याचे काम आषाढात काढले. आषाढातले लोणावळे आपण सहलीला आलात तेव्हा पाहिले असेल. धुके घरात शिरते आणि रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही. हिरड्याच्या पाण्यात बुडवून काढलेले ते लोण्यासारखे पिवळसर दुपटे मी पडवीतल्या तारेवर मधोमध टाकले आणि झोपले. सकाळी पाहते तो दुपट्याच्या मध्यावर या काठापासून त्या काठापर्यंत कोळशाने ओढावी तशी काळी रेघ. मला वाटले बुरशी. साबण लावला, लिंबू चोळले. रेघ फिकी झाली, गेली नाही.

दोन दिवसांनी मावशी आल्या, त्यांनी दुपटे हातात घेतले आणि हसू दाबत विचारले, ‘‘ताई, तार लोखंडाची हाय ना तुमची?’’

‘‘हो. का हो मावशी?’’

‘‘मग काळं व्हणारच की. हिरडा इळ्यानं फोडला तर इळा काळा, हात काळं. लोखंडाचं अन् त्याचं असंच हाय.’’

मी कपाळावर हात मारला. पूर्वीच्या पोथ्यांची काळी शाई हिरडा आणि हिराकस यांपासून करीत, हे मी शाळेत शिकवलेही होते. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. माझ्या गंजक्या तारेने रात्रभरात दुपट्यावर शाई लिहिली होती! त्या रेघेने मला साखळीचा अर्थ कुठल्याही पुस्तकाहून स्पष्ट समजावला. हिरडा कापसाला धरून होता म्हणूनच लोखंड त्याच्यावर बसले आणि लिंबाने संपूर्ण हटेना. त्याच जागी लोखंडाऐवजी तुरटी बसली की ती काळी न करता पुढच्या लाल रंगासाठी जागा करून देते. रंगारी करड्या आणि काळ्या छटेसाठी लोखंड मुद्दाम वापरतात. पण त्याचे प्रमाण जास्त झाले तर काळ लोटल्यावर धागा कुजका होऊन फाटतो. बाळाच्या कपड्यात मला ते नको होते. मी दुपटे गुंडाळून ठेवले आणि पाऊस ओसरण्याची वाट पाहिली.

दसरा झाला, आकाश निवळले, आणि मी नवे कापड घेतले. आता कृती सांगते. मी केली त्याच क्रमाने. कापड मऊ मांजरपाट, कोरडे असताना वजन 500 ग्रॅम. पुढची सगळी मापे या कोरड्या वजनावरच अवलंबून असतात, पाण्यावर नाहीत. म्हणून तराजू हे या कामातले पहिले अवजार. भांडी स्टीलची, मोठी, आणि या कामासाठीच वेगळी काढलेली. त्यांत पुन्हा स्वयंपाक करायचा नाही, हा नियम मी घरात सर्वांना सांगून टाकला. ढवळायला लाकडी दांडा. लोखंडी काहीही जवळ नको, हे आता सांगण्याची गरज नाही.

पहिले काम धुण्याचे, आणि येथेच बहुतेकांचा रंग बिघडतो. नवे कापड दिसायला स्वच्छ असते, पण त्यात खळ असते आणि कापसाचे स्वतःचे मेणही असते. बारा लिटर पाण्यात 15 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण घालून मी कापड तासभर उकळले. पाणी चहासारखे झाले. ते टाकून कापड स्वच्छ पाण्यातून तीनदा काढले आणि वाळवले. परीक्षा सोपी आहे. वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब टाका. तो तत्क्षणी शोषला गेला तर कापड तयार. मोत्यासारखा वर उभा राहिला तर पुन्हा उकळा. थेंब उभा राहणाऱ्या कापडावर पुढे रंगाचे ढग उमटतात आणि ते दुरुस्त होत नाहीत.

दुसरे काम हिरड्याचे. कापडाच्या वजनाच्या पंचमांश, म्हणजे 100 ग्रॅम गराची पूड रात्री गरम पाण्यात भिजवली, सकाळी जाड फडक्यातून गाळली आणि कापड मोकळेपणाने बुडेल इतके कोमट पाणी त्यात मिळवले. आठ-दहा लिटर तरी हवे. आधी ओले करून पिळलेले कापड त्यात सोडले, पहिला अर्धा तास सतत उलटेपालटे केले आणि संध्याकाळपर्यंत ठेवले. काढल्यावर फक्त पिळायचे, धुवायचे नाही. मग सुताच्या दोरीवर, घडी न पडू देता, उन्हात. वाळल्यावर ते फिकट पिवळे आणि किंचित करकरीत लागते.

तिसरे काम तुरटीचे. पुन्हा 100 ग्रॅम, बारीक कुटून कढत पाण्यात पूर्ण विरघळवलेली. मग त्यात कोमट पाणी घालून पुन्हा आठ-दहा लिटर केले. न विरघळलेला खडा कापडावर बसला तर तेथे पुढे गडद ठिपका येतो. कापड रात्रभर त्यात ठेवले, सकाळी पिळून वाळवले आणि तीन दिवस तसेच घडी करून ठेवून दिले. ही विश्रांती आळसाची नाही. तुरटी हिरड्याशी नीट जुळून यायला वेळ द्यावा लागतो.

चौथ्या दिवशीचे काम लहान आहे, आणि ते मी पहिल्या नमुन्याच्या वेळी गाळले होते. जी तुरटी हिरड्याला धरून बसली नाही, नुसती धाग्यांमध्ये पडून आहे, ती धुऊन काढावी लागते. नाही तर रंगाच्या पाण्यात तीही रंग पकडते, आणि तो रंग कापडावर पूड होऊन बसतो. पुढे बोटांना लागत राहतो. माझ्या पहिल्या नमुन्याचे तेच झाले. रंग डोळ्यांना गडद दिसला आणि पांढऱ्या रुमालावर घासला तर रुमाल लाल. या वेळी मी दोन मुठी गव्हाचा कोंडा पाण्यात उकळून गाळला आणि त्या कोमट पाण्यात कापड पंधरा-वीस मिनिटे चांगले खळबळले. कोंड्याचे पाणी सुटी तुरटी ओढून घेते. नंतर साध्या पाण्यातून दोनदा काढले.

आणि मग मंजिष्ठा. 250 ग्रॅम, म्हणजे कापडाच्या निम्मी, भरडलेली, रात्रभर भिजवलेली. भरड फडक्यात सैल बांधून त्या पाण्यासकट मोठ्या भांड्यात ठेवली, वरून कापड बुडेल इतके पाणी घातले. ओले कापड पाणी कोमट असतानाच सोडले. गरम पाण्यात एकदम टाकलेले कापड जिथे आधी भिजते तिथे जास्त रंग घेते. मग आच अशी मंद ठेवली की तासाभराने वाफ दिसावी, बोट बुडवता येऊ नये, पण उकळी फुटू नये. उकळीने लाल रंगात तपकिरी मळकटपणा शिरतो. त्या तापमानाला आणखी एक तास, अधूनमधून हलवत. नंतर आच बंद करून रात्रभर त्यातच थंड होऊ दिले.

सकाळी जे हाती आले त्याला काय म्हणावे? विटेचा लाल नव्हे, कुंकवाचाही नव्हे. पिकल्या जांभावर जी तांबूस लाली येते तिच्या जवळचा. पहिल्या पाण्यात थोडा रंग उतरला, दुसऱ्यात त्याहून कमी, चौथ्यात पाणी स्वच्छ. सुरुवातीला थोडा रंग उतरतोच, घाबरू नये. पण चौथ्या-पाचव्या पाण्यानंतरही तो उतरत राहिला तर कुठली तरी कडी सैल आहे असे समजावे.

पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही हे मी हळदीकडून शिकले होते. म्हणून त्याच मांजरपाटाच्या तीन पट्ट्या मी या कामाबरोबरच तयार केल्या होत्या. एक नुसती धुतलेली, दुसरी फक्त तुरटीतून काढलेली, तिसरी हिरडा आणि तुरटी दोन्हींतून काढलेली. तिघी एकाच भांड्यात, एकाच वेळी मंजिष्ठेत शिजल्या. पाण्यात असताना तिघींत फरक सांगणे कठीण होते. साबणाने धुतल्यावर पहिली जवळपास विटली, दुसरी फिकट गुलाबी झाली, तिसरी लाल राहिली. मग तिसरीचा अर्धा भाग वहीत दडपून बाकीचा अर्धा दक्षिणेच्या खिडकीत तीन आठवडे ठेवला. खिडकीतला भाग किंचित हलका झाला, एवढेच. शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची होती. स्वच्छ पांढरे फडके पाण्याने ओले करून दुपट्यावर वीस वेळा जोर देऊन घासले. फडके पांढरे राहिले. ज्या रंगामुळे मी या फंदात पडले होते, त्याचे उत्तर मला त्या पांढऱ्या फडक्यात मिळाले.

आपण विचाराल, एवढे आठवडाभराचे उपद्व्याप करण्यापेक्षा बाजारातली रंगाची पुडी का नको? प्रश्न रास्त आहे. कृत्रिम रंग म्हणजे कच्चा किंवा वाईट रंग असे मुळीच नाही. मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांत जे अलिझारिन नावाचे रंगद्रव्य असते, ते जर्मन रसायनज्ञांनी 1868 मध्ये प्रयोगशाळेत बनवले. मुळातले आणि कुपीतले द्रव्य एकच. आज सुती कापडासाठी जे ‘रिॲक्टिव्ह’ रंग मिळतात, ते सोड्याच्या साहाय्याने धाग्याशीच रासायनिक बंध जोडतात. त्यांना रंगबंधक लागत नाही आणि नीट धुतले तर ते मंजिष्ठेहूनही पक्के असतात. मात्र त्यांची कोरडी पूड श्वासात जाणे वाईट. काहींना त्याने दम्यासारखा त्रास जडतो. ती वापरणाऱ्याने नाकातोंडावर मास्क आणि हातांत मोजे घातलेच पाहिजेत. मिठाबरोबर उकळायच्या स्वस्त पुड्यांचा रंग बहुधा उतरतो. काही विशिष्ट ॲझो रंगांपासून घातक द्रव्ये सुटू शकतात म्हणून आपल्या सरकारने त्यांच्या वापरावर 1990 च्या दशकात बंदी घातली. पण सुट्या, नाव नसलेल्या पुडीत काय आहे हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. ज्या पुडीवर रंगाचा प्रकार आणि बनवणाऱ्याचे नाव नाही, ती घरात आणू नये.

आणि ‘नैसर्गिक’ या शब्दावरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये. जुन्या पुस्तकांत रंगबंधक म्हणून मोरचूद आणि क्रोमचे क्षार सांगितलेले आढळतील. रंग वनस्पतीचा असला तरी हे क्षार विषारी आहेत. क्रोम तर घरात नकोच. तुरटी आणि हिरडा हे त्यांतल्या त्यात सौम्य, तरी हिरड्याची पूड चाळताना नाकाला फडके बांधावे आणि तुरटीचे पाणी लेकरांच्या हाताला लागू देऊ नये. उरलेले पाणी मी थंड करून, भरपूर पाण्यात मिसळून, अंगणाच्या कडेला जमिनीत जिरवले. इंद्रायणी आमच्या उशाशी उगम पावते. पुढे तिचे जे होते ते आपण सारे पाहतो, त्यात माझ्या बादलीची भर नको.

मंजिष्ठा त्वचेला हितकर असे आयुर्वेद सांगतो, म्हणून तिने रंगवलेल्या कापडाने बाळाची त्वचा उजळेल किंवा पुरळ बरे होईल, असे कोणी म्हणाले तर मात्र मी मान डोलावणार नाही. पोटात घेण्याचे औषध आणि धाग्याला घट्ट धरून बसलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी तर उलट मागत होते. या रंगाने बाळाच्या अंगावर काहीही करू नये, कापडावरच राहावे.

जानेवारीत नात झाली. डॉक्टरांना मी दुपटे दाखवले, रंगाची हकीकत सांगितली. त्यांनी ते हातात घेऊन घासून पाहिले आणि म्हणाले, ‘‘छान झालंय. तरी पहिले तीन महिने अंगाला लागणारं कापड पांढरंच ठेवा, हे वरून गुंडाळा.’’ मला वाईट वाटले नाही. तेच आमच्या सासूबाई करीत. आत जुन्या धोतराचे मऊ फडके, वरून रंगीत दुपटे. त्यांनी हे कुठल्या शास्त्रात वाचले नव्हते.

आता ते दुपटे आठवड्यातून दोनदा धुतले जाते. सौम्य साबण, कोमट पाणी, भिजत ठेवायचे नाही, आणि सावलीत वाळवायचे. तिखट धुण्याच्या पुडीने या लालीत जांभळी झाक येते आणि लिंबू-व्हिनेगरने ती पिवळट होते. म्हणून दोन्हींपासून दूर. चार महिन्यांत ते थोडे मऊ आणि थोडे निवळलेले झाले आहे. धुण्याचे पाणी मात्र स्वच्छ राहते. मी अजूनही प्रत्येक वेळी बादलीत वाकून पाहते.

काळ्या रेघेचे ते आषाढातले दुपटे मी टाकले नाही. त्यालाही पुढे तुरटी आणि मंजिष्ठा दाखवली. रेघ होती तिथेच राहिली, लालीच्या मधोमध. यंदा पावसाळ्याआधी मी त्याची गोधडी शिवायला घेतली आहे. नात मोठी झाली की विचारील, आजी, ही रेघ कसली? मग तिला लोखंडाच्या तारेची आणि मावशींच्या इळ्याची गोष्ट सांगायची आहे. पडवीत आता सुताची दोरी आहे.